कळ थांबली म्हणजे उपाय लागू पडला असं नव्हे

स्टॅनमोरला समुद्र नाही. ज्युबिली लाइनचं हे शेवटचं स्टेशन, आणि इथून साउथएंडचा किनारा गाठायचा तरी गाडीने तास-दीड तास मोडतो. बोर्नमथचा बेत असेल तर अडीच-तीन तासांची निश्चिंती. त्यामुळे आपल्या मराठी मंडळींची समुद्राशी गाठ पडते ती उन्हाळ्यातल्या एखाद्या शनिवारी, बसमधून, डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी घेऊन. जेलीफिशबद्दलची आपली माहितीही अशीच, वर्षातून एकदा वापरायची आणि कुणाकडून तरी ऐकलेली.

या ऐकीव माहितीला गेली काही वर्षं छापील रूप मिळालं आहे. सहलीच्या बसमध्ये ‘काळजी घ्या’ अशा मथळ्याचा एक कागद वाटला जातो. उन्हाच्या, भरती-ओहोटीच्या सूचना त्यात चांगल्या आहेत. जेलीफिशच्या परिच्छेदात मात्र असं म्हटलंय: डंख झाल्यास लघवी ओतावी, संकोच वाटल्यास व्हिनेगर, मग पिण्याच्या पाण्याने स्वच्छ धुऊन टॉवेलने खसखसून पुसावं, उरलेल्या तंतूंवर जुनं बँक कार्ड फिरवावं, शेवटी बर्फ लावावा. मी इथे औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. या परिच्छेदाला हरकत घेतली, तेव्हा कागद लिहिणाऱ्या ज्येष्ठ सद्गृहस्थांनी मला शांतपणे सांगितलं, “ताई, इतकी वर्षं हेच करतोय. तासाभरात पोरं पुन्हा पाण्यात असतात. कुणाचं वाईट झालं?”

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण चुकीचे सगळे उपाय त्याच्याच आधारावर उभे आहेत. ब्रिटनच्या किनाऱ्यावर जी जेलीफिश सर्रास भेटतात त्यांच्या डंखाची तीव्र आग बहुतेकांच्या बाबतीत तास-दोन तासांत आपोआपच उतरते. त्या वेळात तुम्ही लघवी ओता, टूथपेस्ट लावा किंवा मारुतिस्तोत्र म्हणा, उतरायची ती उतरतेच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, की श्रेय कावळ्याला. पोर रडायचं थांबलं एवढ्यावरून उपायाची परीक्षा होत नाही. एकाला हा उपाय, दुसऱ्याला तो, आणि ठरावीक वेळाने दोघांना विचारायचं, अशी तुलना केली तरच काही कळतं.

तशी तुलना झालेली आहे. ऑस्ट्रेलियात ब्ल्यू बॉटलचे डंख बसलेल्या 96 जणांना दोन गटांत वाटून घेतलं. एका गटाला 45 अंश सेल्सियसचं गरम पाणी, दुसऱ्याला बर्फाच्या पिशव्या. 2006 साली तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. वीस मिनिटांनी गरम पाण्याच्या गटातल्या 87 टक्के लोकांनी वेदना कमी झाल्याचं सांगितलं. बर्फाच्या गटातल्या 33 टक्क्यांनी. आता हा दुसरा आकडा नीट बघा. बर्फ लावूनही तिघांतल्या एकाला बरं वाटलं. आपल्या सद्गृहस्थांना बसमध्ये भेटतो तो हाच तिसरा माणूस. उरलेले दोघे तोवर गप्प बसलेले असतात, आणि त्यांची आठवण कुणी ठेवत नाही.

हे असं का होतं ते कळायला डंख म्हणजे काय ते पाहावं लागतं. जेलीफिश चावत नाही. तिच्या लांब तंतूंवर हजारो सूक्ष्म कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीत गुंडाळी केलेली एक पोकळ, टोकदार नळी. आतला दाब दीडशे वातावरणांच्या घरातला. कातडीचा स्पर्श झाला की नळी सुटते आणि विष आत जातं. गोड्या पाण्यातल्या हायड्रा या चुलत भावंडावर मोजणी झाली, तेव्हा नळी सुटायला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळ लागतो असं दिसलं. म्हणजे ‘अरे, हे काय?’ असं मनात येण्याआधी पहिली फैर झडून गेलेली असते. तिच्यावर इलाज नाही.

प्रथमोपचाराचा खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. पहिल्या झटक्यात सगळ्या कुप्या फुटत नाहीत. तुटलेला तंतू कातडीला चिकटून राहतो आणि त्यावर न फुटलेल्या पुष्कळ कुप्या शिल्लक असतात. त्या फुटायला जेलीफिश जिवंत असण्याचीही गरज नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या राय गावच्या किनाऱ्यावर जुलै 2010 मध्ये एक मेलेली लायन्स मेन जेलीफिश लाटांत फुटली आणि तिच्या तुकड्यांनी शंभराहून जास्त लोकांना डंख झाले. तेव्हा आपण करू तो प्रत्येक उपाय एकाच कसोटीवर घासायचा: याने उरलेल्या कुप्या फुटतील की नाही?

गोड्या पाण्याने फुटतात. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातून एकदम गोड्या पाण्यात गेलं की पाणी कुपीत शिरतं आणि ती सुटते. लघवी म्हणजे बहुतांशी पाणीच. दिवसभर चहा-सरबत पिणाऱ्याची तर फारच पातळ. तिच्यात विष मारणारं काही नाही. या उपायाला जगभर प्रसिद्धी दिली ती 1997 साली ‘फ्रेंड्स’ या अमेरिकी विनोदी मालिकेच्या एका भागाने, आणि आपल्याकडे त्याला परंपरेचं वजन चढलं. विनोदी मालिकेतून वैद्यक शिकायचं ठरवलं तर मग बोलायलाच नको.

चोळण्याने फुटतात, दाबल्याने फुटतात. टॉवेल, वाळू, रुमाल, सगळं त्यातच आलं. गेल्या ऑगस्टमध्ये नऊ वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याची आई सोमवारी सकाळी दुकानात आली. शनिवारी बोर्नमथला पोटरीला डंख झालेला. मुलाच्या पोटरीवर तीन आडव्या रेघा होत्या, लाल, उठावदार, मण्यांच्या माळेसारख्या तुटक. जिथे तंतू टेकले तिथला हा अस्सल ठसा. पण त्या रेघांच्या खाली, घोट्याच्या दिशेने, हाताच्या पंजाएवढ्या भागात बारीक लाल ठिपक्यांचा फराटा पसरलेला होता. तिथे जेलीफिश लागलीच नव्हती. वडिलांनी बाटलीतलं पिण्याचं पाणी ओतून वरून खाली टॉवेल फिरवला होता, त्या हाताची दिशा मुलाच्या कातडीवर उमटली होती. आणि पोटरीच्या मागे एक पांढुरका, बधिर चट्टा: आइसक्रीमच्या गाडीवरून मागून घेतलेला बर्फ फडक्याशिवाय अर्धा तास धरल्याचा.

फोनमधल्या फोटोत प्राणी ओळखू आला. पिवळट छत्री आणि तिच्यावर मध्यापासून कडेकडे पसरलेल्या तपकिरी व्ही आकाराच्या खुणा. ही कंपास जेलीफिश, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर उन्हाळ्यात नेहमी दिसणारी. डंख त्रासदायक, पण धोकादायक क्वचितच. म्हणजे मुलाला जे सोसावं लागलं त्यातला निम्मा भाग जेलीफिशचा आणि निम्मा त्या कागदाचा. दोन दिवसांनी गरम पाण्याचा काही उपयोग उरत नाही. मी खाज कमी करण्यासाठी त्याच्या वयाला चालणारं सेटिरिझिनचं पातळ औषध दिलं. हायड्रोकॉर्टिसोनचं सौम्य मलम इथे चिठ्ठीशिवाय मिळतं, पण दहा वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देत नाहीत, म्हणून जीपीकडे पाठवलं. आईला हेही सांगितलं, की आठवड्या-दोन आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा खाज सुटून वळ उठू शकतात. तो नवा डंख नसतो, शरीराने जुन्याला उशिरा दिलेलं उत्तर असतं.

आता व्हिनेगर. इथे वाद जरा अवघड आहे, आणि समोरच्या बाजूला थोडं सत्य आहे ते मान्य करायला हवं. व्हिनेगरची कीर्ती खोटी नाही. उत्तर ऑस्ट्रेलियात बॉक्स जेलीफिश असते, जिच्या डंखाने माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. तिच्या न फुटलेल्या कुप्या व्हिनेगरने निकामी होतात हे 1980 मध्ये दाखवलं गेलं, आणि तेव्हापासून तिथल्या किनाऱ्यांवर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. घोटाळा होतो तो ‘एका जेलीफिशला चालतं म्हणजे सगळ्यांना चालतं’ असं धरल्यामुळे. वेगवेगळ्या जातींच्या कुप्या व्हिनेगरला वेगवेगळा प्रतिसाद देतात. काहींच्या शांत होतात, काहींच्या त्यानेच फुटतात. पाण्यात पाय असताना ‘माझ्या पोटरीला नेमकी कोण लागली’ हे ओळखणारे आपल्यात किती निघतील? ब्रिटनच्या पाण्यात ती जीवघेणी बॉक्स जेलीफिश नाही, आणि एनएचएस व्हिनेगर लावू नका असंच सांगते.

याविरुद्ध जाणारं संशोधनही आहे. आयर्लंडमधल्या गॉलवे आणि हवाई इथल्या विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये लायन्स मेन जेलीफिशवर प्रयोग केले आणि तिच्यासाठी आधी व्हिनेगर, मग 45 अंशांची ऊब चाळीस मिनिटं, हा क्रम सगळ्यात चांगला ठरला. समुद्राच्या पाण्याने धुण्याने त्या प्रयोगात नुकसान वाढलं, आणि बर्फाचा फायदा झाला नाही. मी हे दडवत नाही. पण लायन्स मेन ही थंड पाण्यातली, स्कॉटलंड, उत्तर वेल्स, आयरिश समुद्र इकडची. तिथे नेमाने पोहणाऱ्याने, जिला ती ओळखता येते अशा व्यक्तीने, व्हिनेगर जवळ ठेवलं तर माझी हरकत नाही. शेरलॉक होम्सच्या 1926 च्या एका गोष्टीत याच जेलीफिशने ससेक्सच्या किनाऱ्यावर एक माणूस मारला आहे, चाबकाने फोडून काढल्यासारखे वळ पाठीवर ठेवून. पण त्या माणसाचं हृदय आधीच दुबळं होतं हे कोनन डॉइलने सांगून ठेवलंय, आणि आपले वाचक नेमकं तेवढंच विसरतात. बोर्नमथच्या सहलीसाठी व्हिनेगर नको. चिप्सच्या दुकानातलं तर नकोच. तिथल्या बाटलीत पुष्कळदा खरं व्हिनेगर नसतंच, रंग घातलेलं ॲसेटिक आम्लाचं पाणी असतं.

बँक कार्डाच्या बाबतीत मात्र माझा वाद त्या कागदाशी आहे तसाच थोडा एनएचएसशीही. तंतू चिमट्याने किंवा कार्डाच्या कडेने काढा, असं तिथेही म्हटलंय. कार्डाने खरवडताना कातडीवर दाब पडतो आणि दाबाने कुप्या फुटतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून माझा आग्रह चिमट्याचा. घरातला भुवया कोरायचा चिमटा चालतो. तंतू एका टोकाला धरून अलगद वर उचलायचा, ओढत न्यायचा नाही, बोटं लावायची नाहीत. त्याआधी समुद्राचंच पाणी वरून सोडायचं, हाताने न चोळता.

मग गरम पाणी. विष हे मुख्यतः प्रथिनांचं असतं आणि त्यातली बरीच उष्णतेने बिघडतात. शिवाय उष्णतेने वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना मंदावतो, असंही मानतात. कारण कुठलंही असो, तुलनेत जिंकलेला उपाय हाच आहे. यावर सद्गृहस्थांचा एक चलाख आक्षेप आहे: “तुम्हीच म्हणता गोडं पाणी नको, आणि नळाचं गरम पाणी काय खारं असतं?” बरोबर पकडलं. उत्तर क्रमात आहे. आधी समुद्राच्या पाण्याने आणि चिमट्याने तंतू काढून टाकल्यावर फुटण्यासारख्या कुप्या थोड्या उरतात, आणि त्यानंतर उष्णतेचा फायदा त्या थोड्यांच्या तोट्याहून कितीतरी मोठा ठरतो. तंतू चिकटलेले असताना थेट बाटलीतलं गार पाणी ओतण्यात फायदा काहीच नाही, नुसता तोटा.

किती गरम? 45 अंश, आणि किमान तीस मिनिटं. थर्मामीटर कुणी नेत नाही, म्हणून हिशेब सांगते. एक भाग उकळतं पाणी आणि दोन भाग उन्हाळ्यातलं नळाचं गार पाणी मिसळलं की मिश्रण पंचेचाळीसच्या आसपास येतं. थर्मासमधलं पाणी सकाळी भरलेलं असेल तर ते बरंच निवलेलं असतं. तेव्हा गार पाणी बेताबेताने घालायचं. बादलीत किंवा पुऱ्यांच्या रिकाम्या डब्यात पाय ठेवायचा, आणि आधी दुसऱ्या मोठ्या माणसाने स्वतःचा हात त्यात अर्धा मिनिट बुडवून बघायचा. डंख झालेल्या पायाला विचारू नका, त्याला आधीच आग वाटतेय, त्याला तापमान नीट कळत नाही. लहान मुलांची कातडी पातळ, साठ अंशांच्या पाण्याने पाच सेकंदांत भाजते. त्यांच्या बाबतीत सोसवेल त्याहून जरा कमीच. पाणी निवत जातं, दर पाच-सात मिनिटांनी पाय बाहेर काढून गरम पाणी घालावं लागतं. दंडावर किंवा पाठीवर डंख असेल तर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल नुसता ठेवायचा, घासायचा नाही. सोबत पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन. किनाऱ्यावरच्या कॅफेत उकळतं पाणी मागितलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. चहाचा देश आहे.

“हे सगळं विलायती, आपल्याकडे कोण असलं करतं?” असाही सूर मी ऐकला आहे. गोव्यात करतात. नोव्हेंबर 2020 मध्ये दोन दिवसांत बागा-कळंगुट ते दक्षिण गोव्यापर्यंत नव्वदहून जास्त पर्यटकांना डंख झाले, तेव्हा तिथल्या जीवरक्षकांची संस्था ‘दृष्टी’ने पहिला उपाय सांगितला तो शक्य तितक्या गरम पाण्याचा. (बर्फ आणि व्हिनेगरही त्यांच्या यादीत होतं, तिथे माझा त्यांच्याशीही मतभेद आहे.) मुंबईत ऑगस्ट 2018 मध्ये जुहूला ब्ल्यू बॉटलच्या झुंडी आल्या, त्याही पावसाळ्यातल्या नेहमीच्या पाहुण्या. ही ब्ल्यू बॉटल, म्हणजे पोर्तुगीज मॅन ऑफ वॉरचीच जात, खरं तर जेलीफिश नव्हे, अनेक जीवांची वसाहत. कधीमधी वाऱ्याबरोबर कॉर्नवॉललाही येऊन पडते. वाळूवर पडलेला तो निळा फुगा दिसायला सुंदर असतो आणि मुलं हमखास उचलतात. सुट्टीत मुंबईला गेलेल्या नातवंडांना हे सांगून ठेवा.

“कुणाचं वाईट झालं?” याचं उरलेलं उत्तर गोव्यातच आहे. त्या नव्वदांतल्या एका तरुणाच्या छातीत दुखू लागलं, श्वास लागला; त्याला प्राणवायू देऊन रुग्णवाहिकेने हॉस्पिटलात न्यावं लागलं. असं क्वचित होतं, पण झालं तर बादली आणि थर्मास बाजूला ठेवायचे. श्वास घ्यायला त्रास, छातीत कळ, ओठ-चेहरा सुजणं, फिट येणं, शुद्ध हरपणं, यांपैकी काही दिसलं की 999, आणि तेही किनाऱ्यावरूनच. ‘घरी जाऊन बघू’ हे आपल्या लोकांचं लाडकं वाक्य इथे घातक आहे. घर म्हणजे स्टॅनमोर, आणि स्टॅनमोरचं मोठं हॉस्पिटल, रॉयल नॅशनल ऑर्थोपेडिक, हाडांसाठी जगप्रसिद्ध असलं तरी तिथे अपघात विभाग नाही. त्यासाठी हॅरोमधलं नॉर्थविक पार्क गाठावं लागतं. डोळ्याजवळ, चेहऱ्यावर किंवा जननेंद्रियांवर डंख असेल, वेदना उतरतच नसेल, तर 111 ला फोन करून विचारा.

सद्गृहस्थांबद्दल माझ्या मनात राग नाही. सहली तेच काढतात, बस तेच ठरवतात, आणि हिशेब पेनीपर्यंत चोख ठेवतात. माझी त्यांना एवढीच विनंती आहे: यंदाच्या कागदातून तो परिच्छेद काढा आणि त्या जागी चार ओळी छापा. समुद्राचं पाणी सोडा, चोळू नका. चिमट्याने तंतू उचला. सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास. श्वास किंवा छातीचा त्रास झाला तर 999. बसच्या प्रथमोपचाराच्या पेटीत चिमटा आणि उकळत्या पाण्याचा एक जादा थर्मास ठेवायची जबाबदारी माझी.